सुनिताची अकरा बिलं

सुनिताचा फोन आला तेव्हा मी गेवराईत एका औषधाच्या दुकानात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद उपसत बसले होते. "ताई, तुमच्या कागदानं मला कामावरून काढलं," एवढंच ती बोलली आणि फोन ठेवला. मी परत लावला तर उचलेना.

माझं डोकं सटकलं. आधी तिच्यावर, मग रामकिसनअण्णांवर, आणि स्कूटी सुरू करेपर्यंत स्वतःवर. कारण कागद माझाच होता.

मी वनमाला. तालुक्यातल्या बावीस दुकानांचे कंप्युटर माझ्या गळ्यात आहेत. बिल निघेना की बोलवा वनमालाला, प्रिंटर घरघरला की बोलवा वनमालाला. दिवाळीच्या तोंडावर तर लोक मला सासरच्या माणसांपेक्षा जास्त हाका मारतात. या बावीस दुकानांत तलवाड्याचं श्रीकृपा वस्त्रभांडार सगळ्यात मोठं. त्याचे मालक रामकिसनअण्णा. साठीचे, चाळीस एकर बागायतीचे धनी, दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. आपण बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची ही त्यांची जुनी सवय. कंप्युटरला ते कधी हात लावत नाहीत, पण त्यातून निघालेला कागद त्यांना सातबाऱ्याइतका पक्का वाटतो.

दहा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता. "वनमाला, आपल्याकडं कामाला दोन माणसं, तानाजी अन् सुनिता. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत कुणी किती बिलं केली ते काढून दे."

मी घाईत होते. पाच मिनिटांत काढलं आणि मोबाइलवर पाठवून दिलं; दुकानात त्याचा कागद छापला. दोनच ओळी. तानाजी, एक हजार नऊशे चार. सुनिता, अकरा. त्याखाली मी एक अक्षर लिहिलं नाही. अकरा हा आकडा बघून मलाही चमत्कारिक वाटलं होतं, हे कबूल करते. पण अण्णांनी मागितलं ते दिलं, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी पुढच्या दुकानात गेले. सगळी घाण तिथंच झाली.

सुनिता त्या दुकानात साड्यांच्या भागात उभी असते. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, ऊसतोडीला जायची. दुकानातलं काम लागलं आणि ती गावात राहिली. शहादेव आता एकटाच जातो; टोळीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणून त्याचा अर्धाच धरतात. अर्धा तर अर्धा, पण पोरगी सलग चार वर्षं एकाच शाळेत बसली आणि पाचवीपर्यंत आली. टोळी दिवाळी झाली की निघणार होती. काम गेलं तर सुनिताला ट्रॅक्टरवर चढावं लागणार होतं, आणि पोरीला उसाच्या फडात. हे सगळं माझ्या दोन ओळींनी केलं होतं.

तलवाड्यात पोचले तर बाजारचा दिवस. दुकानासमोर चपलांचा ढीग पडलेला. टोळीला जाणाऱ्या बायका निघायच्या आधी दिवाळीचं लुगडं घेऊन ठेवतात, त्यामुळे आत पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं होतं सुनिता घरी रडत बसली असेल. ती आपल्या जागेवरच उभी होती. गादीवर गुडघे टेकून एका म्हातारीला निऱ्या पाडून दाखवत होती.

"अगं, तुला काढलंय ना?" मी हळूच विचारलं.

"काढलंय की. सकाळीच सांगितलं अण्णांनी, आजच हिशेब घेऊन जा म्हणून." तिनं पदर पसरला. "पर गिऱ्हाईक हुबं हाय. मला काढलं म्हणून जानकीबाईनं उघडंच जायचं का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी लई शिकलेल्या, ताई. अकरा म्हणं. सहा म्हयन्यात म्या अकराच लुगडी इकली. एवढी तर म्या एका तासाला इकते."

मी तिच्या बाजूनं तशीच आत गेले.

अण्णा कोपऱ्यातल्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. शेजारी कंप्युटर, त्याच्यासमोर त्यांचा मुलगा आदिनाथ. दुकानातलं जवळजवळ प्रत्येक बिल आदिनाथच्या हातून निघतं. तो मितभाषी माणूस आहे. बापासमोर तर तोंडाला कुलूपच. तानाजी पलीकडे पँटच्या कापडाची घडी घालत होता. त्याचे कान आमच्याकडेच होते.

"ये वनमाला," अण्णा म्हणाले. "झ्याक काम केलंस. दोन माणसांतलं एक कमी करायचं हुतं. कुणाला काढावं कळंना. तू दूध का दूध करून दिलं."

"अण्णा, तो कागद परत द्या."

"आं?"

"सुनिताला काढायच्या कामाचा तो कागद न्हाई. मी पाठवताना नीट सांगितलं न्हाई, ती चूक माझी. पण त्या कागदावर तिला काढू नका."

अण्णांच्या कपाळावर आठी चढली. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "म्हंजे? आकडा चुकलाय का?"

"आकडा बरोबर हाय."

"मग कावून काढू नगं? आकडा बरोबर, तर बाई कामचुकार. सरळ हिशेब हाय."

या सरळ हिशेबाची मला मनापासून चीड आहे. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. बोलावल्याशिवाय त्या गादीवर कुणी बसत नाही. मी बसले.

"अण्णा, मी कंप्युटरला काय विचारलं ते आधी ऐका. आमच्या धंद्यात त्याला क्वेरी म्हणतात, म्हंजे नेमका प्रश्न. मी विचारलं, एप्रिल ते सप्टेंबरमधली अशी बिलं मोज, ज्यांच्यावर इकणाऱ्याच्या जागी तानाजीचं न्हाईतर सुनिताचं नाव हाय. त्यानं मोजली. तानाजीच्या नावाची एकोणीसशे चार, सुनिताच्या नावाची अकरा. बास. साडी कुणी दाखवली, गिऱ्हाइकाला कुणी बसवून घेतलं, हे मी विचारलं न्हाई. आन् विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं. त्याला बिलाबाहेरचं काही दिसत न्हाई."

"नाव तिचं म्हंजे इकलं तिनं. नाव दुसऱ्याचं कशाला लावतील?"

"ते बघू. आदिनाथभाऊ, सहा महिन्यांत दुकानाची एकूण बिलं किती झाली?"

आदिनाथनं मान वर न करता सांगितलं, "सात हजाराच्या वर."

"सात हजाराच्या वर. आन् या दोघांची मिळून झाली एकोणीसशे पंधरा. तुमच्याकडं इकायला माणसं दोनच. मग वरची पाच हजार बिलं कुणी केली, अण्णा? भुतानं केली का?"

हा शब्द तोंडातून गेला आणि त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढे दोन मिनिटांनी जीभ चावली.

अण्णा थांबले. ही बेरीज त्यांनी केलीच नव्हती. समोर दोन आकडे आले, एक मोठा आणि एक छोटा, एवढ्यावर त्यांचं काम झालं होतं. खरं सांगायचं तर मीही ती केली नव्हती. वाटेत स्कूटीवर अंदाजानं केली.

"काढ मग," ते म्हणाले. "सगळ्यांम्होरं काढ. बघू दे कुणाची हायत."

आदिनाथ उठेना. मी त्याला म्हणाले, "भाऊ, जरा सरका," तरी तो तसाच बसून राहिला. शेवटी अण्णांनी "ऊठ की बे" म्हटल्यावर उठला, आणि उठताना माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी तोच प्रश्न पुन्हा लिहिला, फक्त तानाजी आणि सुनिता ही अट काढून टाकली. म्हणजे नाव कुणाचंही असो, सगळी बिलं घे, नावानिशी मोज, आणि ज्याची जास्त त्याला वर ठेव. बटण दाबलं. तीन ओळी आल्या.

विजयमाला, पाच हजार चारशे तीन.

तानाजी, एक हजार नऊशे चार.

सुनिता, अकरा.

"एकूण सात हजार तीनशे अठरा," मी मोठ्यानं म्हणाले. "बघा, सगळी लागली. पण ही विजयमाला कोण? हिला तर तुमी कामावर..."

माझं वाक्य तिथंच मेलं. तानाजीच्या हातातली घडी सुटली. अण्णांच्या डोक्यावर, भिंतीवर, हार घातलेला फोटो होता. दीड वर्षात मी तो पन्नास वेळा बघितला असेल. त्याखालचं नाव मी कधी वाचलं नव्हतं. आता वाचलं.

दोन वर्षांपूर्वी वारलेली अण्णांची बायको या सहा महिन्यांत दुकानातली सगळ्यात जास्त बिलं करून बसली होती.

"बंद कर ते," अण्णा म्हणाले. आवाज इतका खाली की मला आधी ऐकूच आला नाही.

"अण्णा..."

"बंद कर म्हणलं ना! गेलेल्या माणसाचा तमाशा मांडती व्हय माझ्या दुकानात?"

बाविसांतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक समोर लाल झालं होतं. शब्द मागे घेऊन, कंप्युटर बंद करून, चहा पिऊन घरी जाणं सोपं होतं. पण पलीकडून साडी झटकल्याचा आवाज आला. सुनिता अजून निऱ्या पाडत होती.

"न्हाई करणार बंद," मी म्हणाले. "माझ्या तोंडून भूत शब्द गेला, त्याची माफी मागते. पाय धरून मागते. पण हे बंद करणार न्हाई. ह्याच कंप्युटरचा कागद घेऊन तुमी सकाळी एका बाईला काढलं. तो खरा मानला, तर हाही खरा माना. काकूंनी एप्रिलपासून पाच हजार बिलं केली म्हणा. म्हणता का?"

कुणीतरी रडणारं लहान मूल गप्प केलं.

तोंड उघडलं ते आदिनाथनं. "अण्णा, म्या सांगतो. कंप्युटर आणला तवा पाडव्याला पूजा केलती आपण. कंप्युटर बसवणाऱ्या बीडच्या माणसानं इचारलं, इकणाऱ्यात पयलं नाव कुणाचं टाकू? तुमीच म्हणलता, पयलं नाव घरच्या लक्षुमीचं. तवापासून बिलाचं पान उघडलं की आईचं नाव आपोआप येतं. बदलायचं तर खाली यादीत जाऊन दुसरं निवडावं लागतं."

"मग निवडायचं की!"

"गर्दीत कोण निवडतंय? गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन हुबं राहतं. सुनिता चिठ्ठी पाठवती, म्या माल टाकतो, बिल काढतो. तानाजीचं नाव तानाजी सोता येऊन टाकायला लावतो, म्हणून त्याचं लागतं." तो थांबला. "आन् आई गेल्यावर... तिचं नाव काढायला माझा हात झाला न्हाई. बिल केलं की तिचं नाव दिसायचं. बरं वाटायचं."

"म्या माझंच टाकतो, अण्णा," तानाजी घाईनं म्हणाला. "दुसऱ्याचं येकबी न्हाई."

"तुला कुणी चोर म्हणलं न्हाई," मी त्याला म्हणाले. "पण तेही कंप्युटर सांगू शकत न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

अण्णा फोटोकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते. "मग त्या अकराचं काय?" त्यांनी विचारलं. "पान तिच्याच नावावर उघडतंय, तर सुनिताच्या नावावर अकरा तरी कशी आली?"

हा प्रश्न चांगला होता. मला अण्णांचा पहिल्यांदा आदर वाटला. मी ती अकरा बिलं एकेक उघडली. सगळी एकाच तारखेची निघाली, सोळा मे. पहिलं दुपारी दोनचं, शेवटचं सव्वातीनचं.

आणि मला आठवलं. त्या दिवशी आदिनाथ लग्नाला गेला होता. मीच सुनिताच्या मागे उभी राहून तिला बिल करायला शिकवलं होतं. "इथं खाली ये, आपलं नाव निवड, मग बटण दाब." तिची बोटं घाबरत होती, आणि त्या जागी आधीच कुणाचं नाव पडलंय ते मीही वाचलं नव्हतं. अकरा बिलं झाल्यावर आदिनाथ आला आणि शिकवणी संपली. म्हणजे ज्या अकरांवर तिची सहा महिन्यांची लायकी ठरली, ती माझी सव्वा तासाची शिकवणी होती.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं.

अण्णांनी खाकरून घसा साफ केला. "बरं. कळलं. मग ही पाच हजार चारशे तीन सुनिताची म्हणायची का?"

साडीचा आवाज थांबला. सुनिता गादीवरून उठून आमच्यापर्यंत आली होती. ती आशेनं माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणायचा अवकाश होता. एका शब्दात तिचं काम पक्कं झालं असतं. कंप्युटरवाली बाई सांगते म्हटल्यावर कुणी विचारणार नव्हतं.

"सांगता येत न्हाई," मी म्हणाले.

"ताई!" सुनिता कळवळून ओरडली.

"न्हाई येत सांगता, सुनिता. सकाळी तुझ्याविरुद्ध खोटा अर्थ काढला, तसा आता तुझ्या बाजूनं काढू? मी न्हाई काढणार." मी अण्णांकडे वळले. "जेवढं दिसतं तेवढं दाखवते. ह्या पाच हजार चारशे तीनमधल्या किती बिलांवर निदान एक साडी हाय, ते सांगता येतं." मी कंप्युटरला तसं विचारलं. "तीन हजार एकशे साठ. ह्याच्यात टोळीच्या मुकादमानं एका वेळी चाळीस लुगडी नेली असतील, तर तेही एकच बिल. बिलं मोजलीत, लुगडी न्हाई. आन् ती साडी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कुणी टाकली, तुमी, आदिनाथभाऊंनी, का सुनितानं, हे ह्याच्यात कुठंच लिहिलेलं न्हाई. जी बाई बघून मोकळ्या हातानं परत गेली, तिचं तर बिलच न्हाई, तिचा पत्ता कसा लागणार? पण अण्णा, साड्यांपाशी रोज सकाळपासून कोण उभं असतं, हे तुमाला माहीत न्हाई का? ह्या गादीवरून सरळ दिसतं."

अण्णांची नजर साड्यांच्या गादीकडे गेली.

"दिसतं ना? मग कंप्युटरला कशाला विचारलं? मी सांगते. तिच्या तोंडावर 'तू नको' म्हणायला जड जात होतं. कंप्युटरनं म्हणलं की आपल्या अंगाला लागत न्हाई. तुमाला माणूस कमी करायचं असंल तर करा, दुकान तुमचं हाय. पण सोताच्या तोंडानं करा. माझ्या कागदाच्या आड लपून करू नका."

असं या माणसाशी गेल्या तीस वर्षांत कुणी बोललं नसावं. मला वाटलं, आता चप्पल घालून निघायचं आणि उद्यापासून एकवीस दुकानं सांभाळायची. मी पिशवीची चेन लावायला घेतली.

"थांब," अण्णा म्हणाले. "अजून एक काढ."

"काय?"

"पाडव्यापासून... कंप्युटर आला तिथपासून, ती गेली तिथपर्यंतची. तिच्या नावाची. किती हायत?"

त्यांनी तारीख सांगितली नाही, आदिनाथनं सांगितली. मी काढलं. अठ्ठावीस हजार नऊशे सव्वीस.

अण्णा पुढे सरकले. चष्मा वर करून त्यांनी तो आकडा पडद्यावर स्वतः बघितला. बोटानं एकेक आकडा वाचला. कंप्युटरच्या इतक्या जवळ मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. "ही तरी तिचीच ना?" त्यांनी विचारलं. "ती हुती की तवा. ह्याच दुकानात बसायची रोज. ही तिनंच इकलेली ना?"

मला त्या क्षणी माझ्या कामाचा राग आला. हो म्हणायला काय जात होतं? म्हाताऱ्या माणसाला एक आकडा हवा होता, रात्री उशाशी घेऊन झोपायला. पण सुनिता शेजारीच उभी होती. तिला मी एवढ्यातच नाही म्हणाले होते.

"न्हाई सांगता येत, अण्णा," मी म्हणाले. "पान पहिल्या दिवसापासून काकूंच्याच नावावर उघडतंय. ह्याच्यात काकूंनी इकलेलीही हायत आणि नुसती नाव न बदलल्यामुळं पडलेलीही. दोन्ही एकसारखीच दिसतात. वेगळी करायला ह्याच्यात काहीच न्हाई."

अण्णा मागे सरकून लोडाला टेकले. चाळीस एकरांचा माणूस अचानक एवढासा झाला.

"म्या सांगते," सुनिता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं पदर खोचलेला होता आणि आवाजात अजून राग होता. माझ्यावरचा, अण्णांवरचा, सगळ्यांवरचा.

"त्याला सांगता येत न्हाई, तर न्हाई. मला येतं. समोर बसल्यात त्या जानकीबाईच्या लेकीच्या लग्नाचं हिरवं इरकल काकूंनी इकलं. म्या पिवळं दाखवीत हुते, काकू उठल्या अन् म्हणल्या, पोरीचा रंग बघ की जरा, मग कापड बघ. जानकीबाई, खरं का खोटं?"

म्हातारीनं मान डोलावली. "अजून हाय ते पेटीत."

"नांदूरघाटचे पावणे आलते, तीन तास बसले अन् काय घेईनात. काकूंनी च्या पाजला, त्यांच्या सुनंला आत नेऊन इचारलं, सासूम्होरं बोलता येत न्हाई का तुला? मग सात साड्या गेल्या. त्या सात काकूंच्या. जांभळा शालू काकूंचा. म्या कामाला लागले त्या दिवशी मला हातात कापड कसं धरायचं ते त्यांनी शिकवलं. अजून तसंच धरते." तिनं श्वास घेतला. "समदी न्हाई आठवायची. पर जी आठवतेत ती पक्की हायत. आन् तुमी म्हणता अकरा!"

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

मग म्हणाले, "आदिनाथ, त्या पानावर आपोआप नाव येणं बंद करायचं."

आदिनाथनं माझ्याकडे बघितलं. मी समजावलं की काकूंची जुनी बिलं जशी आहेत तशीच राहतील, ती कुणी बदलायची नाहीत. नव्या बिलाच्या यादीतून तेवढं नाव बाजूला ठेवता येईल. जागा रिकामी येईल, आणि नाव निवडल्याशिवाय बिल छापणारच नाही. त्यानंही सगळंच कळेल असं नाही. साडी एकानं दाखवली आणि नाव दुसऱ्यानं टाकलं, तर कंप्युटर बिचारा तेच मानणार. पण निदान नाव कुणीतरी स्वतः टाकलेलं असेल.

"कर," अण्णा म्हणाले. दहा मिनिटांत मी केलं. दोन बिलं काढून तपासलं आणि ती रद्द केली.

"जा, कामाला लाग," अण्णा सुनिताला म्हणाले.

ती हलली नाही. "सकाळी काढलं ते समद्यांम्होरं काढलं. आता ठिवलं ते कानात नगा सांगू."

मला वाटलं, झालं, हिनं हातचं घालवलं. अण्णांचा जबडा हलला. मग ते हात टेकून उठले. त्या गर्दीत उभे राहून त्यांनी घसा साफ केला आणि सभेत बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "सुनिताला म्या काढलं न्हाई. म्या चुकलतो." आणि लगेच खाली बसले.

सुनितानं जानकीबाईची साडी उचलली. नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली नाही. सरळ कंप्युटरपाशी आली आणि आदिनाथला म्हणाली, "भाऊ, सरका जरा." तो सरकला. तिनं माल टाकला. नावाची जागा रिकामी होती. तिनं मला विचारलं नाही. यादीत खाली गेली, नाव शोधलं, बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. ते तिचं बारावं बिल होतं.